त्रिकोण पायापासून की डोळ्यापासून?

निरीक्षक मनोऱ्यापासून 20 मीटरवर उभा आहे, त्याचे डोळे जमिनीपासून 1.6 मीटरवर आहेत आणि टोकाचा उन्नत कोन 60° आहे. मनोरा किती उंच?

बरेच जण काटकोन त्रिकोणाचा पाया थेट जमिनीवर घेतात. मग tan 60° = उंची ÷ 20, म्हणून उंची 20√3, म्हणजे सुमारे 34.64 मीटर. पण कोन मोजला डोळ्यापाशी! म्हणून डोळ्यातून क्षितिजसमांतर रेषा काढून तिच्यावर त्रिकोण उभा करावा. आता 34.64 ही त्या रेषेच्या वरचीच उंची ठरते, खालचे 1.6 मिळवून मनोरा सुमारे 36.24 मीटर.

मला दुसरी आकृतीच पटते. मात्र गणितात ‘जमिनीवरील एका बिंदूपासून’ असे म्हटले असेल, तर पहिलीच बरोबर.