डॉलर पाठवावेत की रुपये?
अमेरिकेतून 2,000 डॉलर पाठवताना भारतातल्या बँकेच्या संकेतस्थळावर 83.40 चा दर दिसला, पण खात्यात 82.60 च्या दराने रक्कम जमा झाली, म्हणजे 1,600 रुपये कमी पडले. विचारणा केल्यावर बँकेने कळवले की तो दर केवळ निर्देशक होता आणि स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशजाळ्यामार्फत आलेल्या डॉलरना रूपांतराच्या दिवशीचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक असे डॉलर ज्या दराने विकत घेते तो दर, लागतो. हे आधीच ठळकपणे सांगायला हवे होते. अशा वेळी मिळालेले डॉलर, लावलेला दर आणि जीएसटी हे आकडे बँकेकडे लेखी मागावेत, म्हणजे पैसे ज्या मधल्या बँकेमार्फत येतात तिची कपात वेगळी कळते.

याउलट, परदेशातल्या रेमिटन्स कंपनीकडेच रुपयांत रूपांतर केले, तर दर बहुधा तिथेच ठरतो आणि किती रुपये पोहोचतील हे आधी दिसते. घरखर्चासाठी मला हाच मार्ग रास्त वाटतो. मोठ्या रकमेसाठी मात्र शाखेकडून विशेष दर मागून पाहावा.