आठ महिने लाइव्ह लोकेशन वापरल्यानंतर: ठिपका कधी थांबतो आणि मागे काय उरतं

धाकट्या भावाला कामासाठी महिन्यातून पाच-सहा वेळा रात्रीचं लांब ड्रायव्हिंग करावं लागतं. सारखे फोन नकोत म्हणून आम्ही वॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन वापरायला लागलो, त्याला आता आठ महिने झाले. एकंदर समाधानी आहे. पण हे नेमकं काय आहे आणि काय नाही, हे कळायला मला एक पहाट आणि भावाला एक खर्चाचं बिल मोजावं लागलं.

आधी पहाटेचं सांगतो. शेअर करताना मुदतीचे तीनच पर्याय मिळतात: 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास. प्रवास सात तासांचा, म्हणून भावाने रात्री 9:40 ला 8 तास निवडले आणि निघाला. वाटेत रस्ता तासभर बंद होता, नंतर त्याने गाडी बाजूला लावून अर्धा-पाऊण तास झोप काढली. मी सहाला उठून चॅट उघडलं तर बबलवर `Live location ended`. त्यावर टॅप केलं तर ठिपका एका सामसूम रस्त्यावर, आजूबाजूला गाव नाही, काही नाही. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. पुढची वीस मिनिटं माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. साडेसहाला त्याचाच फोन आला, "दादा, गाडी चालवत होतो ना, कसा उचलू?"

झालं इतकंच होतं की 5:40 ला आठ तास भरले आणि शेअरिंग बंद पडलं. बंद पडलं त्या क्षणी तो जिथे होता, ती जागा मला दिसत होती. ना अपघात, ना फोन बंद. घड्याळ संपलं होतं.

तेव्हा मला या मुदतीचा राग आला होता. आता वाटतं, ती आहे हेच बरं. चालू ठेवून विसरणं हा माणसाचा स्वभाव आहे. मुदत नसती तर कधीतरी एका प्रवासासाठी पाठवलेलं लोकेशन तीन आठवड्यांनीही कुणाला तरी दिसत राहिलं असतं, आणि जीपीएस तोवर बॅटरी खात बसलं असतं. मुदत ठरवतो पाठवणारा. पाहणाऱ्याच्या हातात काहीच नाही, मी कितीही काळजीत असलो तरी इकडून पाच मिनिटंसुद्धा वाढवू शकत नाही. त्याने पुन्हा नव्याने पाठवलं तरच पुढचं दिसतं. पाठवणाऱ्याला मात्र `Stop sharing` दाबून मुदतीआधीही ते थांबवता येतं. त्यामुळे लोकेशन संपलेलं दिसलं तर आधी बबल किती वाजता आला ते बघायचं आणि त्यात निवडलेले तास मिळवायचे. बेरीज जुळली तर घाबरायचं कारण नाही. वेळेच्या बरंच आधी संपलेलं असेल, तर समोरच्याने ते स्वतः बंद केलं असण्याची शक्यता जास्त.

मुदत बाकी असताना ठिपका गोठणं हा निराळा प्रकार. तिसऱ्या महिन्यात असं झालं. बबल चालू दिसत होता, `ended` वगैरे काही नाही, पण नकाशात शेवटचं अपडेट किती वेळापूर्वीचं ते लिहून येतं, तिथे मिनिटं वाढत वाढत पन्नासवर गेली. मग ठिपक्याने एकदम मोठी उडी मारली आणि पुन्हा सुरळीत चालायला लागला. भावाच्या फोनचा बॅटरी सेव्हर स्क्रीन बंद झाल्यावर अ‍ॅपला झोपवत होता. फोनच्या सेटिंगमध्ये वॉट्सअ‍ॅपची लोकेशन परवानगी `Allow all the time` केली आणि त्या अ‍ॅपपुरतं बॅटरीचं बंधन काढलं, तेव्हापासून हा त्रास जवळजवळ गेला. रेंज नसलेल्या पट्ट्यात अजूनही ठिपका अडकतो, त्याला इलाज नाही. आणि हेही लक्षात ठेवा की समोरचा फोन पूर्ण बंद पडला तरी मुदत संपेपर्यंत बबल जिवंतच दिसू शकतो. म्हणून ठिपका पाहण्याआधी मी अपडेटची वेळ पाहतो.

आता बिलाची गोष्ट. एका फेरीत नेहमीचा रस्ता बंद होता म्हणून भाऊ लांबच्या वळणाने गेला आणि इंधन जास्त लागलं. खर्च मागितल्यावर त्याला विचारलं गेलं की त्याच रस्त्याने गेलास हे दाखव. त्याने निर्धास्तपणे मला फोन केला, "तुझ्याकडे सगळा रूट असेलच ना, स्क्रीनशॉट पाठव." मीही उत्साहाने चॅट उघडलं.

काहीच नव्हतं. बबलवरच्या छोट्या चित्रात तो निघाला ती जागा, आणि टॅप केल्यावर शेवटची पोचलेली जागा. मधल्या साडेतीनशे किलोमीटरचा मागमूस नाही. रात्रभर मी स्वतः पाहिलेला ठिपका, पण तो कुठून कसा गेला याची रेघ कुठेच उमटलेली नाही.

खात्री करायला मी घरातलाच दुसरा फोन घेऊन तासभर चालून आलो. मुद्दाम मोठा वळसा घातला, दोनदा त्याच चौकातून गेलो. पाहणाऱ्या फोनवर चालू असतानाही एकच ठिपका होता, मागे शेपटी नाही. संपल्यावर पुन्हा तेच, सुरुवात आणि शेवट.

मागची रचना समजली तेव्हा यातलं आश्चर्य संपलं. वॉट्सअ‍ॅपने आपल्या एन्क्रिप्शनवर जी तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली आहे, तिच्यात लाइव्ह लोकेशनबद्दल वेगळा भाग आहे. अपडेट्स भराभर पाठवले जातात आणि त्यातले काही वाटेत हरवणार, हे तिथे गृहीतच धरलं आहे. नवी जागा कळली की जुनीचं काम संपलं, असा हिशेब. ठिपका उड्या मारतो त्यामागेही हे एक कारण असू शकतं. आता कुठे आहे हे सांगणं एवढाच या सोयीचा उद्देश, प्रवासाची वही लिहिणं हा नव्हे.

रूट उरू शकतो तो दुसरीकडे. भावाच्या फोनमध्ये गूगल मॅप्सची टाइमलाइन चालू असती, तर त्याच्याच फोनवर त्याला तो रस्ता सापडला असता. पण ती नोंद निराळी, तिचा चॅटशी संबंध नाही आणि ती मला दिसलीही नसती. त्याने ती बंद ठेवलेली होती, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला आणि जास्तीचं इंधन त्याच्या खिशातून गेलं.

बायकोला मात्र ही उणीव फार आवडली. "म्हणजे मी कुठे कुठे थांबले ते नंतर कुणी उकरून काढणार नाही," असं म्हणून तीही शेअर करायला लागली. तिला एक गोष्ट मी सांगून ठेवली. चालू असताना समोरचा दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट काढत बसला, तर रूट त्याच्याकडे तयार होतोच. टेलिग्रामवर बॉट असलेल्या चॅटमध्ये तर हे आणखी सोपं आहे. तिथे लाइव्ह लोकेशन म्हणजे पुन्हा पुन्हा एडिट होणारा एकच मेसेज. बॉटला तो वाचता येत असेल तर प्रत्येक बदल `edited_message` म्हणून मिळतो, आणि बॉट चालवणारा ते सगळे साठवू शकतो. तुमच्या चॅटमध्ये खूण राहिली नाही म्हणून समोरच्याकडेही राहिली नाही, असं होत नाही.

भावाने आता फोनमध्ये निघाल्यापासून साडेसात तासांचा अलार्म लावलाय. वाजला की पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवतो, नवीन आठ तास पाठवतो आणि सोबत "जुनं संपेल, हे बघ" एवढं टाइप करतो. रस्ता बदलावा लागला तर त्या वळणावर थांबून साधं, एका जागेचं लोकेशनही टाकतो. ते चॅटमध्ये तसंच राहतं. गेल्या महिन्यात पुन्हा वळसा पडला तेव्हा अशी चार लोकेशन्स दाखवली आणि बिल मंजूर झालं.