गुणांची यादी की माणसांचा तक्ता? पाच प्रोजेक्ट, दोन पीएलसीवाले

अंबडला आमचं स्पेशल पर्पज मशीन बनवायचं वर्कशॉप आहे. फिटर, वेल्डर, वायरमन मिळतात. एखादा गेला तर सातपूरमधून दुसरा येतो. अडतं ते पीएलसी प्रोग्रामरपाशी. आमच्याकडे ते दोनच आहेत. मागच्या ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीत पाच ऑर्डर एकदम त्यांच्या टेबलावर आल्या, आणि आधी काय करायचं हे ठरवायला आम्ही दोन पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. तुम्ही त्यातली एक निवडायच्या विचारात असाल, तर दोघींचं खरं वागणं कळावं म्हणून हे लिहितोय. आकडे थोडे गोल केलेत.

पहिली पद्धत गुणांची. नफ्याला 40, डिलिव्हरीच्या निकडीला 30, गिऱ्हाइकाशी असलेल्या संबंधाला 20 आणि तांत्रिक जोखीम कमी असण्याला 10 असं वजन धरलं. प्रत्येक निकषाला पाचपैकी गुण द्यायचे. असेंब्ली लाइनला 4, 4, 5, 3 मिळाले, म्हणजे 32 + 24 + 20 + 6 = 82. बाकीच्यांचेही असेच काढले.

दुसरी पद्धत क्षमतेच्या तक्त्याची. तिमाहीत 13 आठवडे. एक आठवडा दिवाळीचा गेला, उरले 12. सर्व्हिस रजिस्टर काढून पाहिलं तर दोघांचाही साधारण चौथा हिस्सा वेळ जुन्या मशिनींच्या ब्रेकडाउनमध्ये जात होता. म्हणजे माणशी हातात राहिले 9 आठवडे, दोघांचे मिळून 18. ही वजाबाकी बहुतेक जण करत नाहीत. आम्हीही आधी 26 धरले होते, आणि गंमत बघा, पाचही कामांची बेरीज बरोबर 26 च येत होती. त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की सगळं बसतंय.

| प्रोजेक्ट | गुण | आठवडे | सॉफ्टवेअर |
|---|---|---|---|
| असेंब्ली लाइन, चाकण | 82 | 9 | TIA Portal |
| टेस्टिंग रिग, सातपूर | 74 | 8 | TIA Portal |
| कांदा ग्रेडिंग मशीन, निफाड | 64 | 4 | GX Works3 |
| वायनरीची बॉटलिंग लाइन, दिंडोरी | 58 | 3 | GX Works3 |
| आमचंच वीज मोजणीचं काम | 45 | 2 | GX Works3 |

आता नुसत्या गुणांवर गेलात तर काय होतं? वरचे दोन घ्यायचे, 9 आणि 8 मिळून 17 आठवडे. 18 मध्ये बसतात, तक्ता हिरवा दिसतो, मीटिंग संपते. आमची खरोखरच संपली होती.

चूक शेवटच्या रकान्यात होती. आमचा एक जण सीमेन्सचा, दुसरा मित्सुबिशीचा. दोघांना लॅडर येतं, पण एकाला दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हो आणि नेटवर्किंगचं काम द्यायचं म्हणजे पहिला महिना शिकण्यातच जाणार. वरची दोन्ही कामं सीमेन्सची. म्हणजे 9 आठवड्यांच्या माणसावर 17 आठवडे, आणि शेजारचा माणूस सर्व्हिस कॉल सोडले तर मोकळा. एकत्र तक्त्यात हे कधीच दिसलं नसतं. प्रत्येक कौशल्याची बेरीज वेगळी करायची, एवढाच उपाय. एक्सेलमध्ये B रकान्यात सॉफ्टवेअर आणि C मध्ये आठवडे असतील तर:

```
=SUMIFS(C:C,B:B,"TIA Portal")
```

मग तिसरा प्रयोग केला: गुणांना आठवड्यांनी भागलं. अडलेल्या माणसाच्या एका आठवड्यामागे किती गुण मिळतात ते पाहायचं. असेंब्ली लाइन 9.1, टेस्टिंग रिग 9.25, ग्रेडिंग मशीन 16, बॉटलिंग 19.3, वीज मोजणी 22.5. यादी चक्क उलटी झाली! ही पद्धत उपयोगी आहे, पण ती छोट्या कामांचे लाड करते. आमचं घरचं वीज मोजणीचं काम, ज्याची कोणालाच घाई नव्हती, ते पहिल्या नंबरावर आलं. म्हणून हा भागाकार मी फक्त एकाच माणसासाठी भांडणाऱ्या कामांमध्ये वापरतो. वीज मोजणीची सीमेन्सवाल्याशी स्पर्धाच नाही, तर तुलना कशाला?

सीमेन्सवाल्यापुरता प्रश्न उरला: लाइन की रिग? 9.1 आणि 9.25 मधला फरक म्हणजे काहीच नाही. आठवड्यांचा अंदाज चुकला तर तो एकदोन आठवड्यांनी चुकतोच, त्यापुढे दशांश कोण बघतो. गुणांचंही तेच. रिगच्या निकडीला 3 ऐवजी 4 दिले की 74 चे 80 होतात, आणि तो एक गुण सेल्सवाला चहा पिता पिता वाढवून घेतो. ज्या निकालाला एका गुणाने धक्का बसतो, तो निकाल धरू नका. आम्ही पीओ उघडल्या. लाइनवर उशिराला आठवड्याला अर्धा टक्का एलडी होती, रिगवर नव्हती, आणि रिगच्या गिऱ्हाइकाला फोन केल्यावर ते जानेवारीला तयार झाले. निकाल फोनवर लागला. गुणांनी फक्त फोन कोणाला करायचा ते सांगितलं.

मित्सुबिशीवाल्याकडे 4, 3 आणि 2 मिळून बरोबर 9 होत होते. कागदावर सुरेख. आम्ही वीज मोजणी काढून ठेवली आणि त्याला 7 च दिले, कारण शंभर टक्के भरलेल्या माणसाकडे एक काम लांबलं की मागची सगळी लांबतात. वायनरीचं काम डिसेंबरच्या आत हवंच होतं. आपल्याकडे वाइनची द्राक्षं जानेवारीपासून यायला लागतात, मग त्यांना पॅकिंगकडे बघायला वेळ नसतो. ग्रेडिंग मशीन उन्हाळी कांद्यासाठी, म्हणजे मार्चपर्यंत चालणार होतं. गुणांत 64 वर असूनही ते 58 च्या मागे गेलं.

सीमेन्सवाला मात्र 9 पैकी 9 वर होता, आणि नेमकं तिथेच दुखलं. तिमाहीची बेरीज जुळली तरी आठवडे जुळले नाहीत. लाइनचा प्रोग्राम आणि सिम्युलेशन पहिल्या चार आठवड्यांत होऊ शकत होतं. पुढचे पाच आठवडे म्हणजे आयओ चेकिंग, ट्रायल आणि चाकणला कमिशनिंग. ते पॅनल आल्याशिवाय सुरूच होत नाही. पॅनल दोन आठवडे उशिरा आलं. तो मधे मोकळा दिसला तसं कोणीतरी त्याला रिगचं काम काढून दिलं, आणि पॅनल आल्यावर दोन्ही अर्धवट. लाइन जानेवारीत गेली आणि एलडी कापली गेली. तेव्हापासून आमचा तक्ता आठवड्यांचा असतो, आणि अडलेल्या माणसाच्या ओळीत काम कधी सुरू करता येईल तो आठवडा आधी लिहिला जातो, तोही पॅनलवाल्याला विचारून.

आता निवड. तुमची सगळी कामं मिळूनही माणसांच्या आठवड्यांपेक्षा कमी भरत असतील तर गुणांच्या भानगडीत पडू नका, तारखेप्रमाणे लावा. अडणारा माणूस एकच असेल आणि कामं चार-पाच, तर आठवड्यांचा तक्ता आणि पीओ पुरेत; गुण तिथे वादच वाढवतात. कामं दहा-बारा झाली आणि मालक, सेल्स, डिझाइन असे तिघं वेगवेगळं रेटत असले, तर गुण हवेत, कारण निदान वाद कुठल्या निकषावर आहे ते कळतं. पण तेव्हाही तक्ता आधी, कौशल्यानुसार वेगळा, आणि जी जुळणी त्यात बसतच नाही तिच्यावर चर्चा करायची नाही.

रिग फेब्रुवारीत गेली. वीज मोजणीचं काम अजून यादीत आहे.