कळसा, कोहळा आणि वाकडं अंगण : मिश्र श्रोत्यांसाठी कोणता पाठ घ्यावा?

समारंभाचं सूत्रसंचालन करायचंय, समोर अकोला, कणकवली, लातूर, पुणे सगळीकडची माणसं. म्हण कुठल्या वळणाने म्हणावी? माझ्या मते आधी बघावं की फरक उच्चारात आहे की वस्तूत.

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ हा नुसता उच्चाराचा फरक. पुस्तकात ‘वाकडे’, बोलताना ‘वाकडं’, वऱ्हाडात ‘आंगन’, मालवणीत ‘वाकडा’. कुणाचंही अडत नाही, म्हणून इथे स्वतःच्या तोंडातलं रूप खुशाल ठेवा. पुढचा ‘रांधता येईना, ओली लाकडे’ हा भाग जोडलात तर मात्र शेवट दोन्हीकडे एकाच वळणाचा हवा. ‘वाकडं’ म्हणून पुढे ‘लाकडे’ आलं की कानाला खटकतं.

‘काखेत कळसा, गावाला वळसा’ इथे जास्त विचार लागतो. कळसा म्हणजे कमरेवर घ्यायचं पाण्याचं भांडं, पण नळाच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांना आधी देवळाचा कळस आठवतो. विदर्भात अशा भांड्याला गुंड म्हणतात. मग ‘काखेत गुंड’ करावं का? अजिबात नको. एक तर पुण्यात गुंड म्हटलं की मवाली डोळ्यांसमोर येतो, आणि दुसरं म्हणजे यमक जातं. ही म्हण यमकावरच उभी आहे. वऱ्हाडीत ळचा य होतो तिथेही ‘कयसा’ आणि ‘वयसा’ दोन्ही शब्द बरोबरच बदलतात, जोडी तुटत नाही. तेव्हा शब्द तोच ठेवा आणि आधी एक वाक्य टाका : ‘पाण्याची कळशी कमरेवरच, आणि बाई ती गावभर शोधतेय.’ चित्र उभं राहिलं की म्हण आपोआप लागते.

‘आवळा देऊन कोहळा काढणे’ सगळ्यांना कळतं, आणि तिथेच फसगत होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कोहळा म्हणजे पांढरट सालीचा, सांडग्यांत घालतात तो, दारावर टांगतात तो. विदर्भात कोहळं म्हणजे लाल भोपळा, ज्याची गोड बोंडं तळतात. दोन्ही फळं आवळ्यापेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे नुसतं बोललात तर अर्थ शाबूत राहतो. पडद्यावर चित्र दाखवलंत की निम्मी सभा ‘हा कुठला कोहळा?’ म्हणून कुजबुजते. या म्हणीला चित्र नकोच.

शंका असेल तर आदल्या दिवशी दोन वेगळ्या भागांतल्या माणसांना पहिला अर्धा भाग ऐकवा. ‘काखेत कळसा...’ म्हटल्यावर दोघंही पुढचं पुरं करत असतील तर तो पाठ चालेल. एकजण अडला, तर ते आधीचं वाक्य घालाच.