टीम्सवरचा गायब झालेला मेसेज: काही महिन्यांच्या वापरानंतर

टीम्स कसं आहे ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितोय. आमच्या कंपनीने चॅट ९० दिवसांनी पुसण्याचा नियम लावलाय, आणि ॲपमध्ये तो आकडा मला कुठेही दिसला नाही. ३ मार्चला एका सहकाऱ्याने कामाच्या बदलाला चॅटवर मंजुरी दिली होती. जूनमध्ये हिशेब विचारला गेला, तेव्हा तो मेसेज जागेवर नव्हता. तो 'सेव्ह' केलेला होता, पण ती सोय म्हणजे निव्वळ खूण आहे. मेसेज गेला की खूण निरर्थक. याला 'सेव्ह' म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

आयटीने आधी सांगितलं, "गेला तो गेला." मीही तसंच धरून चाललो होतो, पण ते अर्धसत्य निघालं. १ जूनला मुदत संपली तरी मेसेज लगेच नष्ट होत नाही. पुसण्याचं काम मागे ठरावीक काळाने चालतं. साधारण १ ते ७ दिवसांत मेसेज मेलबॉक्समधल्या `SubstrateHolds` या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो, तिथे किमान एक दिवस राहतो आणि पुढच्या फेरीत कायमचा जातो. तेवढ्या काळात तो eDiscovery शोधात, म्हणजे चौकशीसाठी कंपनीचा डेटा धुंडाळायच्या सोयीत, सापडतो. म्हणजे ३ मार्चच्या मेसेजसाठी जूनच्या मध्यापर्यंत आशा होती, पुढे नाही. अपवाद: मेलबॉक्सवर कायदेशीर होल्ड, म्हणजे काहीही पुसायला मनाई, असेल तर तो तिथेच टिकतो.

हा शोध कोणीही घेऊ शकत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि ग्लोबल ॲडमिनलाही ती आपोआप मिळत नाही. आमच्याकडे ती कम्प्लायन्सच्या बाईंकडे होती. विनंतीत नेमकी तारीख, दोघांची नावं आणि मेसेजमधला एखादा वेगळा शब्द दिला, म्हणून मेसेज वेळेत सापडला. नुसतं "मार्चचं चॅट द्या" म्हटलं असतं तर दोन-चार दिवस विचारपूस करण्यातच गेले असते.

पण सापडला म्हणजे परत आला असं नाही. तो एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये मिळतो, चॅटमध्ये पुन्हा बसत नाही. आता ऑडिटवाल्यांना ती फाइल दाखवायची तर ती कुठून आली हेही समजावत बसा.

गंमत म्हणजे त्याच चॅटमध्ये पाठवलेली पीडीएफ जशीच्या तशी होती. चॅटचा नियम फाइलींना लागत नाही. त्या पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये 'Microsoft Teams Chat Files' फोल्डरात पडून असतात. हे आधी कळलं असतं तर अर्धी धावपळ वाचली असती, कारण मंजुरीचा आकडा त्या पीडीएफमध्येच होता.

आता मंजुरीचा मेसेज आला की मी तो लगेच आउटलुकवर शेअर करतो. मेलला वेगळा नियम आहे. तो किती दिवसांचा, ते आयटीला लेखी विचारलंय, उत्तर अजून आलेलं नाही.