शालेय कबड्डी संघाची निवड: एका दिवसाची पारख की दोन दिवसांची नोंद?

शालेय कबड्डी स्पर्धेसाठी बारा जणांचा संघ निवडायचा आहे आणि चौदा वर्षांखालील अठ्ठावीस मुले मैदानावर उभी आहेत, असे समजू. क्रीडाशिक्षकापुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. पहिला नेहमीचा: एका दुपारी सामने लावायचे, अनुभवी नजरेने मुले हेरायची आणि दुसऱ्या दिवशी यादी लावायची. दुसरा मार्ग दोन दुपारी घेतो; निकष आठवडाभर आधी फलकावर लावतो आणि प्रत्येक चढाईची, प्रत्येक पकडीची नोंद ठेवतो.

पहिल्या मार्गाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. बारा जागांसाठी चौदाच मुले आली असतील आणि शिक्षकाने ती वर्षभर सरावात पाहिली असतील, तर नजर पुरते. अठ्ठावीस मुलांच्या गर्दीत मात्र ती कुठे फसते, हे ठाऊक असते: गेल्या वर्षी संघात असलेला मुलगा चुकला तरी चूक दिसत नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेला, वर्षभराने थोराड दिसणारा मुलगा कौशल्यापेक्षा अंगकाठीवर भाव खाऊन जातो. त्याहून मोठी अडचण खेळाच्या रचनेतच आहे. मोकळ्या सामन्यात दोन धीट मुले बहुतेक चढाया करतात, बाद झालेला लाजरा मुलगा रेषेबाहेर बसून राहतो आणि त्याच्याबद्दल कोणाकडे काहीच माहिती नसते.

दुसऱ्या मार्गाचा खरा फायदा कागदापेक्षा या रचनेत आहे. अठ्ठावीस मुलांचे सात-सात जणांचे चार गट केले आणि प्रत्येक गट इतर तिघांशी दहा मिनिटे खेळला, तर एका दुपारी सहा सामने होतात. बदलाचा वेळ धरून सुमारे दीड तास लागतो. चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची असल्याने एका सामन्यात वीसच्या आसपास चढाया होतात, म्हणजे गटाच्या वाट्याला दहा. त्यातली पहिली सात पाळीपाळीने प्रत्येकाला द्यावीत आणि उरलेल्या गटाने ठरवाव्यात. बाद झालेल्याने लगेच मैदानात परतावे, म्हणजे पहिल्याच मिनिटाला बाद झालेलाही पूर्ण वेळ खेळतो. याची किंमत अशी की समोर कायम सात खेळाडू राहतात, बोनस रेषा सतत खुली असते आणि बोनस गुण फुगतात. म्हणून ते स्पर्शाच्या गुणांत न मिसळता वेगळ्या रकान्यात लिहावेत. तीनच खेळाडू उरल्यावर कोण डगमगतो, हे या पद्धतीत कळत नाही; त्यासाठी शेवटी पाच मिनिटे मुद्दाम ठेवावी लागतात.

दुसऱ्या दिवशी गट बदलणे अत्यावश्यक आहे. समजा, ९ क्रमांकाच्या मुलाने पहिल्या दिवशी पाळीच्या तीनही चढाया यशस्वी केल्या आणि १७ क्रमांकाचा तीनही वेळा पकडला गेला. एका दिवसाच्या पारखीत प्रश्नच मिटतो. पण १७ च्या तीनपैकी एक पकड ९ च्याच गटात डावा कोपरा सांभाळणाऱ्या पक्क्या खेळाडूने केली, म्हणजे ९ ला तो समोर आलाच नव्हता, हे नोंदीत दिसते. गट बदलल्यावर ९ त्याच कोपऱ्यासमोर येतो आणि एकही चढाई साधत नाही, तर १७ दोन साधतो. आता हिशेब तीन विरुद्ध दोन असा होतो, आणि सहा चढायांत एकाचा फरक म्हणजे फरक नव्हेच. अशा वेळी बचावातील नोंद पाहावी, किंवा दोघांना आणखी एक सामना द्यावा. आकडा आहे म्हणून त्याच्यावर निर्णय टाकणे हीसुद्धा पक्षपाताचीच एक तऱ्हा आहे.

नोंद दोघांनी एकमेकांशी न बोलता करावी आणि मुलांना नावाऐवजी छातीवरचा क्रमांक द्यावा. ‘खेळ चांगला’ असा रकाना निरुपयोगी ठरतो. ‘साखळीतला जोडीदार पुढे गेल्यावर हात सुटला का’ असा प्रश्न दोघांनाही सारखाच दिसतो. एखादे मूल नोंद करणाऱ्याचे नातलग किंवा खासगी शिकवणीतले असेल, तर त्याची नोंद तिसऱ्याने करावी. संघात चढाईपटू किती, कोपरे किती, मध्यरक्षक किती, हे चाचणीपूर्वीच ठरवावे. नाहीतर सगळ्यात जास्त गुणांचे बारा चढाईपटू निवडून बसण्याची पाळी येते.

निकाल सांगण्यात दोन्ही मार्गांतला फरक सर्वांत ठळक होतो. पहिल्या मार्गाने जाणाऱ्या शिक्षकाकडे, मुलाने कारण विचारले तर, ‘अजून मेहनत कर’ याखेरीज सांगण्यासारखे काही नसते. दुसऱ्या मार्गाने जाणारा यादी लावण्यापूर्वी न निवडलेल्या सोळा मुलांना एकेकटे बोलावून पाच-पाच मिनिटे देऊ शकतो: “तुझ्या सहापैकी चार चढायांत तू निदानरेषा ओलांडलीस, ते चांगले झाले; पण परत फिरताना तू पाठ करतोस, म्हणून तीनदा पकडला गेलास. तोंड समोर ठेवून मागे सरकायचा सराव कर, मी दिवाळीनंतर पुन्हा पाहीन.” इतर मुलांचे आकडे त्याला दाखवू नयेत, त्याचा स्वतःचा कागद मात्र त्याच्या हातात द्यावा, आणि मूळ प्रत हंगाम संपेपर्यंत शाळेत ठेवावी, कारण दिवाळीनंतरची नोंद तिच्याच शेजारी लिहायची आहे.