समोरचा लाम कोणता: मालकीचा, हेतूचा, आज्ञेचा की जोराचा?

अरबीत 'लाम' म्हणजे 'ल' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला लागून मालकी, हेतू, आज्ञा किंवा जोर दाखवतं. स्वरचिन्हं नसलेला अरबी मजकूर वाचताना लाम, या, काफ, ता, बा अशी पाच अक्षरं एका शब्दात आली, की मुख्यतः तीन वाचनं शक्य असतात. लियक्तुब (शेवटचा 'अ' स्पष्ट म्हणायचा) म्हणजे 'त्याने लिहावं म्हणून'. लियक्तुब् म्हणजे 'त्याने लिहावं', ही आज्ञा. आणि लयक्तुबु म्हणजे 'तो लिहितोच'. मालकीचा लाम इथे बादच, कारण तो क्रियापदाला नव्हे, नामाला लागतो.

नामापुढचा निर्णय सोपा आहे. लि-झैदिन् म्हणजे 'झैदचं': लामला इकार आणि नाम षष्ठीत. ल-झैदुन् म्हणजे 'झैदच': लामला अकार आणि नामाची विभक्ती जशीच्या तशी. हा जोराचा लाम बहुधा मागे 'इन्न', म्हणजे 'खरोखर' हा शब्द, असेल तिथे भेटतो, तेव्हा आधी मागे बघावं. फसगत होते ती सर्वनामांपाशी. लहु (त्याचं), लक (तुझं) यांत अकार असूनही लाम मालकीचाच असतो. 'ली' (माझं) तेवढा इकार राखतो.

खरी कुस्ती हेतू आणि आज्ञा यांच्यात. दोन्हींचा लाम इकाराचा, त्यामुळे फरक क्रियापदाच्या शेवटावर ठरतो: हेतूला अकार, आज्ञेला हलन्त. अनेकवचनात मात्र तोही आधार जातो. लियक्तुबू हे रूप दोन्हीकडे सारखंच, कारण शेवटचा नून, म्हणजे 'न', दोन्हीकडे गळतो. अशा वेळी लामच्या आधी 'आणि' अर्थाचा 'व' किंवा 'तर' अर्थाचा 'फ' आहे का ते पाहावं. त्यांच्यामागे आज्ञेचा लाम सहसा आपला इकार सोडतो, हेतूचा सोडत नाही. कुराणात एकाच धातूची दोन रूपं आहेत: ५१व्या सूरेत 'इल्ला लियअबुदूनि', म्हणजे 'माझी उपासना करावी एवढ्याचसाठी', आणि १०६व्या सूरेत 'फल्यअबुदू', म्हणजे 'तर त्यांनी उपासना करावी'. पहिल्यातला शेवटचा 'नि' क्रियापदाचा प्रत्यय समजू नका. तो 'मला' आहे, फक्त त्याचा दीर्घ ईकार गळलाय.

पण लिखित अक्षरांवरून हा इकार दिसत नाही, आणि इथे कुराणाच्या जुन्या पाठकांचंही एकमत नाही. २९व्या सूरेच्या ६६व्या आयतीत हफ्सच्या वाचनात 'व लियतमत्तऊ' आहे. तो लाम हेतूचा धरला तर अर्थ 'आणि मौज करावी म्हणून'. हम्झा आणि किसाई 'वल्यतमत्तऊ' वाचतात: 'करू देत मौज!' लगेच पुढे 'त्यांना कळेलच' असं येत असल्याने ही आज्ञा धमकीची ठरते. अक्षरं तीच, वाक्याचा सूर पार वेगळा.

चिन्हं नसतील तर मी आधी मुख्य क्रियापद शोधते. ते वाक्यात आधीच असेल आणि लामचं क्रियापद त्याचं कारण सांगत असेल, तर हेतू. लामचं क्रियापदच वाक्य पेलत असेल, तर आज्ञा.